मदत हवी आहे : क्रमांकाचे शेवटचे चार आकडे तेवढे माहीत आहेत, मोठ्या संपर्कयादीतून माणूस कसा शोधावा?

ठिबकवाला_निफाड

नमस्कार मंडळी. मी निफाड तालुक्यात द्राक्षबागांचे ठिबक संच बसवण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम करतो. माझ्या फोनमध्ये साडेतीन हजारांच्या वर संपर्क आहेत आणि त्यांतले बरेचसे माणसाच्या नावाने नव्हे, तर “काका ओझर विहीर”, “सुकेणे ५ एकर” अशा खुणांनी साठवलेले आहेत. दुरुस्तीला आलेल्या फिल्टरच्या झाकणावर आम्ही मार्करने ग्राहकाच्या मोबाइलचे शेवटचे चार आकडे लिहून ठेवतो. सध्या माझ्याकडे एक सँड फिल्टर तयार होऊन पडला आहे. त्याला बांधलेली चिठ्ठी पाण्याने गेली आणि झाकणावर फक्त ०४१७ एवढेच उरले आहे.

फोनच्या डायलपॅडवर 0417 दाबले, तर एकही नाव येत नाही. संपर्कांच्या शोधचौकटीत टाकले, तरी तेच. हा माणूस यादीत नक्की आहे, कारण फिल्टर नेताना माझे त्याच्याशी फोनवर बोलणे झाले होते. मात्र तो कॉल नोंदींतून केव्हाच पुसला गेला आहे. छाटणीनंतरचे पाणी सुरू होण्याच्या आत फिल्टर बागेत पोहोचला पाहिजे. फोन अँड्रॉइडचा आहे आणि संपर्क गूगल खात्यात आहेत.

मुलुंडकर

ट्रूकॉलर टाकून पाहा. अनोळखी क्रमांकाचे नाव त्यात लगेच दिसते.

ठिबकवाला_निफाड

सूचनेबद्दल आभारी आहे, पण तिथे पूर्ण क्रमांक द्यावा लागतो आणि माझ्याकडे तोच नाही. शिवाय हा क्रमांक अनोळखी नाही. तो माझ्याच यादीत कुठेतरी आहे, फक्त कोणत्या नावाखाली आहे ते कळत नाही.

सह्यकडा

माझ्या फोनवर तर शेवटचे चार आकडे टाकले की नाव व्यवस्थित येते, त्यामुळे तुमच्याकडे का येत नाही ते मला समजत नाही. पण समजा यादी शोधता आली, तरी चार आकड्यांवर साडेतीन हजारांतून शंभरेक माणसे निघतील. त्यापेक्षा फिल्टर कोणत्या गावातून आला, हे आठवून तेवढीच नावे चाळलीत तर काम लवकर होईल.

जुना_प्रोग्रामर

दोन्ही मुद्द्यांवर थोडे सविस्तर लिहितो.

शंभरेक माणसे निघण्याची भीती बाळगू नका. चार आकड्यांचे ०००० पासून ९९९९ पर्यंत दहा हजार शेवट होतात. तुमच्या यादीत चार हजार क्रमांक आहेत असे धरले, तर नुसत्या योगायोगाने ०४१७ ने संपणारे क्रमांक सरासरी ०.४ निघतील. म्हणजे तुमचा माणूस सापडेल आणि त्याच्यासोबत फार तर एखादा अनाहूत येईल. शेवट ०००० किंवा १२३४ असता, तर गोष्ट थोडी वेगळी होती, कारण असे क्रमांक लोक मागून घेतात. पण ०४१७ कोणी हौसेने घेत नाही.

आता शोध का लागत नाही, ते पाहू. बऱ्याच फोनांतील शोध क्रमांकाच्या सुरुवातीपासून जुळवणी करतो, कारण माणूस क्रमांक पुढून टाइप करतो असे त्यात गृहीत धरलेले असते. काही कंपन्यांचे डायलर मधले आणि शेवटचे आकडेही शोधतात, म्हणून सह्यकडा यांना नाव दिसते. गंमत अशी की कॉल येतो तेव्हा अँड्रॉइड उलट टोकाकडून काम करत आला आहे. अनेक वर्षे तो शेवटचे सात आकडे जुळवून नाव दाखवत असे, त्यामुळे क्रमांक +91 लावून साठवलेला असो की पुढे शून्य लावून, नाव बरोबर दिसायचे. ही सोय शोधचौकटीला मात्र मिळालेली नाही.

तुमचा फोन यांपैकी कोणत्या जातीचा आहे, हे ओळखणे सोपे आहे. ज्याचा क्रमांक पाठ आहे अशा घरच्या माणसाचे शेवटचे चार आकडे टाका. तरीही नाव आले नाही, तर तुमचा शोध शेवटाकडे पाहतच नाही, असे समजा आणि फोनवर आणखी वेळ घालवू नका.

ठिबकवाला_निफाड

पत्नीचे शेवटचे चार आकडे टाकून पाहिले; नाव आले नाही. पहिले पाच आकडे टाकल्यावर लगेच आले. म्हणजे तुमचे निदान बरोबर आहे. आता पुढे काय करावे?

सह्यकडा

मग संगणकावर contacts.google.com उघडा आणि कंट्रोल व एफ दाबून 0417 शोधा. ब्राउझर पानावरचा कोणताही मजकूर शोधतो, त्याला सुरुवात-शेवट असा भेद नसतो.

जुना_प्रोग्रामर

ब्राउझरबद्दलचे म्हणणे बरोबर आहे, पण या पानावर ते अपुरे पडते. एवढी मोठी यादी पानावर एकदम येत नाही. तुम्ही खाली सरकत जाल तशी ती भरत जाते आणि ब्राउझर तेवढ्यातच शोधतो. त्यातून ओळीत प्रत्येकाचा एकच क्रमांक दिसतो. तेव्हा तिथे “सापडले नाही” असे आले, तर त्यावरून काहीही सिद्ध होत नाही. यादी बाहेर काढणे, हाच खात्रीचा मार्ग आहे.

लेखापाल_सांगली

मी रोज हेच काम करतो, म्हणून सांगतो. त्याच पानावर Export निवडून Google CSV प्रकारची फाइल घ्या आणि ती गूगल शीट्समध्ये आयात करा. आयात करताना “Convert text to numbers, dates, and formulas” ही खूण काढून टाका, नाहीतर क्रमांकांचे मूळ रूप बिघडते. मग `Phone 1 - Value` हा स्तंभ शोधा. तो उदाहरणार्थ S असेल, तर मोकळ्या स्तंभात पुढील सूत्र लिहून खालपर्यंत ओढा.

```
=RIGHT(S2,4)="0417"
```

0417 भोवतीची अवतरणचिन्हे विसरू नका. ती नसतील तर शीट त्याला ४१७ ही संख्या समजेल आणि काहीच जुळणार नाही.

ठिबकवाला_निफाड

सूत्र चालले. एकच ओळ निघाली, पण ती पिंपळगाव बसवंतच्या एका पाइप दुकानाच्या लँडलाइनची आहे. ते दुकान माझा पुरवठादार आहे, फिल्टर त्याचा असणे शक्य नाही. म्हणजे माझा माणूस यादीत नाहीच का?

वाचक_डोंबिवली

माझाही असाच प्रश्न आहे, म्हणून इथेच विचारतो. बँकेच्या संदेशात खात्याचे फक्त शेवटचे चार आकडे येतात आणि माझी तीन खाती आहेत. या पद्धतीने खाते ओळखता येईल का?

लेखापाल_सांगली

वाचक, तुमची गोष्ट वेगळी आहे. तुम्हाला तीनच शेवट तपासायचे आहेत, त्यासाठी पासबुके समोर ठेवली की झाले. हा धागा कृपया मूळ प्रश्नावर राहू द्या.

जुना_प्रोग्रामर

ठिबकवाले, माणूस नाही असा निष्कर्ष इतक्यात काढू नका. लेखापालांचे सूत्र एकच स्तंभ पाहते आणि त्यातही फक्त टोकाचे चार आकडे पाहते. एकाच संपर्काचे दुसरे, तिसरे क्रमांक `Phone 2 - Value`, `Phone 3 - Value` अशा पुढच्या स्तंभांत जातात. एकाच प्रकारचे दोन क्रमांक असतील, तर गूगल ते कधीकधी एकाच घरात ` ::: ` अशा खुणेने जोडून ठेवतो. अशा घरात तुमचा क्रमांक आधीचा असेल, तर RIGHT ला तो कधीच दिसणार नाही. क्रमांक कोणी ०४-१७ असा तोडून लिहिला असेल, तरी तो निसटेल.

म्हणून सगळ्यात डावीकडे एक रिकामा स्तंभ घाला आणि A2 मध्ये हे लिहून खाली ओढा.

```
=REGEXMATCH(REGEXREPLACE(TEXTJOIN(":",TRUE,B2:AZ2),"[^0-9:]",""),"0417(:|$)")
```

हे सूत्र पूर्ण ओळ एकत्र जोडते, आकडे आणि विसर्गासारखे दिसणारे ते चिन्ह सोडून बाकी सारे काढून टाकते आणि ०४१७ च्या नंतर चिन्ह किंवा ओळीचा शेवट आहे का, एवढेच तपासते. त्यामुळे मधल्या ०४१७ वर ते फसत नाही. A स्तंभावर गाळणी लावून TRUE एवढ्याच ओळी ठेवा. तुमची फाइल AZ च्या पुढे जात असेल, तर तेवढे अक्षर बदला.

ठिबकवाला_निफाड

तीन ओळी निघाल्या! एक ते पाइप दुकान. दुसरी “काका ओझर विहीर”, जिच्यात ०४१७ चा क्रमांक `Phone 2 - Value` मध्ये आहे. तिसरी “निफाड ३ एकर”, जिच्या एकाच घरात दोन क्रमांक ` ::: ` ने जोडलेले आहेत आणि ०४१७ चा त्यांत पहिला आहे. या दोन ओळींतील ०४१७ चे क्रमांक शेजारी ठेवून पाहिले, तर दहाही आकडे तेच आहेत. एकाला +91 आहे, दुसऱ्याला पुढे शून्य आहे. म्हणजे एकच माणूस दोन खुणांनी साठवला गेला आहे. ओझरची विहीर म्हटल्यावर मला माणूसही आठवला. त्यांची तीन एकरांची बाग निफाडच्या बाजूला आहे.

गोदाकाठ

हा धागा उपयोगी पडला, पण माझी एक अडचण यात बसत नाही. वडिलांचे निम्मे संपर्क गूगल खात्यात नसून फोनच्या आणि सिमच्या साठ्यात आहेत. त्यांची CSV कशी काढावी? शिवाय बरेच क्रमांक त्यांनी टिपणाच्या जागी मराठी आकड्यांत लिहिले आहेत.

जुना_प्रोग्रामर

फोनच्या संपर्क ॲपमधूनच निर्यात करा; .vcf फाइल मिळेल. निर्यात करताना फोन आणि सिम हे दोन्ही साठे निवडले आहेत ना, ते पाहा. ती फाइल साध्या मजकूर संपादकात उघडून चार आकडे शोधा. मराठी नावे तिथे `=E0=A4` अशा तुकड्यांच्या लांबलचक माळेसारखी दिसतील. फाइल बिघडली असे समजू नका, देवनागरी तिथे त्या सांकेतिक रूपात लिहिली जाते. `TEL` ने सुरू होणारी ओळ सापडली की तीवरचा पूर्ण क्रमांक फोनच्या शोधचौकटीत टाका. आता तो सुरुवातीपासून जुळत असल्याने नाव दिसेल.

टिपणांतील मराठी आकडे मात्र .vcf मध्ये त्याच सांकेतिक रूपात जातात, तेव्हा तिथे साध्या शोधाने सापडणार नाहीत. गूगलच्या CSV मध्ये ते जसेच्या तसे येतात. तिथे सूत्रातील `[^0-9:]` च्या जागी `[^0-9०-९:]` आणि `0417` च्या जागी `(0417|०४१७)` लिहिले, तर चालायला हवे. कोणी करून पाहिले, तर इथे कळवा.

ठिबकवाला_निफाड

काकांचा ०४१७ हा क्रमांक आता बंद आहे. त्याच घरातील ` ::: ` नंतरचा दुसरा क्रमांक लावला, तो त्यांच्या मुलाने उचलला आणि फिल्टर त्यांचाच असल्याचे सांगितले. उद्या सकाळी तो बागेवर नेऊन बसवतो. सर्वांचे मनापासून आभार.

गोदाकाठ

मराठी आकड्यांचे सूत्र वडिलांच्या यादीवर लावले. काही ओळी निघाल्या, पण ज्या टिपणात क्रमांकानंतर तारीखही लिहिलेली आहे, ती निसटली. त्यावर काही उपाय आहे का?