रक्तदानाचा फोटो टाकलात तर खाली काय लिहिलंत?

सुरंगी: आमच्या वाडीतल्या मंडळाच्या शिबिराचे फोटो कालपासून स्टेटसला धडाधड येतायत आणि सगळ्यांखाली तेच, 'एक पिशवी, तीन जीव, माझं कर्तव्य'. मला माझी पहिली वेळ आठवली, रत्नागिरीला कॉलेजात असताना, फोटोत डोळे मिटलेले आणि मुठीत तो स्पंजचा बॉल. खाली काय लिहायचं सुचेना म्हणून टाकलाच नाही. आता भाची पहिल्यांदा देऊन आलीय, तिला फोटो टाकायचाय पण शायनिंग नको म्हणते. तुमचे अनुभव लिहा.

खाडीपलीकडचा: मी फक्त 'चहा बरा होता' लिहिलेलं. सगळ्यात जास्त लाइक त्यालाच 😂

बाव_आणि_रहाट: तीन जीव बरोबरच आहे की, त्यात काय खोटं? एका रक्ताचे तीन भाग करतात, शिबिरात सांगतात तसं.

पिशवीवाला: करतात, पण प्रत्येक पिशवीचे नाही हो. मी रक्तपेढीत आहे म्हणून सांगतो. लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट वेगळ्या करायचं मशीन सगळीकडे नसतं. असलं तरी प्लेटलेट काढायच्या तर पिशवी काही तासांत पोचली पाहिजे आणि तीही बर्फात न ठेवता. लांबच्या गावात शिबिर, त्यात घाट, गाडी संध्याकाळी निघते, मग त्या पिशवीतून प्लेटलेट निघत नाहीत, बाकीचं वापरता येतं. शिवाय तुम्ही सेल्फी काढता तेव्हा पिशवीची तपासणीच झालेली नसते. एचआयव्ही, दोन्ही कावीळ बी-सी, गुप्तरोग, मलेरिया, एवढं झाल्यावर ती वापरायला जाते. तेव्हा 'जीव वाचवला' लिहायची घाई कशाला, 'आज रक्त दिलं' एवढं पुरे. आणि पिशवीवरचा नंबर फोटोत नको.

मालवणी_माणूस: माका तर घेतल्यानीच नाय. आदल्या आठवड्यात अँटिबायोटिक चालू होतो. फोटो मात्र बॅनरखाली काढून इलंय, आता काय लिवू?

खाडीपलीकडचा: 'नकार मिळालेला दाता' लिही, लग्नाच्या स्थळांना सवय हाय तुका 🤣

कुडाळची_ताई: आमचा वेगळाच किस्सा. बाबांना डेंगी झालेला पाऊस संपता संपता, प्लेटलेट उतरल्या, गोव्याला नेलं. एका ओळखीच्याने येऊन रक्त दिलं, खूप उपकार त्याचे, पण फोटोखाली बाबांचं नाव, वॉर्ड, सगळं लिहिलं. दुसऱ्या दिवसापासून फोन, 'आता कसे आहेत, किती लागल्या', आईला उत्तरं देऊन देऊन रडू यायचं. त्याचा हेतू चांगलाच होता पण पेशंटचं नाव नकोच. त्यात प्लेटलेट पाचच दिवस टिकतात म्हणून परत परत माणसं शोधायची, ती धावपळ अजून आठवते.

सुरंगी: अगं ताई 🙏 आता बरे आहेत ना?

कुडाळची_ताई: हो हो, परवा झाडावर चढले आंबे काढायला, ओरडून उतरवलं.

सुरंगी: भाचीने लिहिलंय ते टाकते, सांगा बरं: 'आज पहिल्यांदा रक्त दिलं. आधी बोट टोचून रक्ताचा थेंब निळ्या पाण्यात टाकतात, तो बुडला तर घेतात. माझा बुडला, मीराचा तरंगला, तिला परत पाठवलं. सुई टोचताना दुखलं, मग मुठीत बॉल दाबत पडून होते. नाश्ता करून गेले होते, उपाशी जाऊ नका. उठताना जरा गरगरलं, पंधरा मिनिटं बसवून सरबत दिलं.'

पिशवीवाला: हे झकास. वाचून एखादा पोटभर खाऊन येईल, आमचं काम हलकं. नाहीतर गुरुवारच्या शिबिरात उपवासाचे लोक येतात आणि खुर्चीतच घसरतात. निळं पाणी म्हणजे मोरचूद, हिमोग्लोबिन साडेबाराच्या वर असलं की थेंब खाली जातो. फक्त मैत्रिणीला विचारलं का? तरंगला म्हणजे तिचं रक्त कमी, ते सगळ्या गावाला का सांगायचं.

सुरंगी: अरे हो की. 'एका मैत्रिणीचा' करायला सांगते.

बाव_आणि_रहाट: आणि 'तीन महिन्यांनी परत येईन' टाका, लोक येतात मागून.

पिशवीवाला: पुरुषांना तीन. बायकांना चार महिने थांबायचं.

देवगड_हापूस: बॅनरवर साहेबांचा फोटो मागे येतो त्याचं काय करायचं? क्रॉप केलं तर मंडळवाले रुसतात, ठेवलं तर मित्र विचारतात कुठल्या पक्षात गेलास.

खाडीपलीकडचा: हाताचा फोटो काढ, कोपरावर कापूस आणि चिकटपट्टी, बास.

देवगड_हापूस: हातावर टॅटू आहे ना, तो आई बघेल.

बाव_आणि_रहाट: टॅटू नवा असेल तर रक्त घेतच नाहीत म्हणे, तुझं कसं घेतलं??

देवगड_हापूस: जुना आहे रे, आईला नवा वाटेल.