फ्लॉक्स/फ्लॉक्स भावंडं कंट्रोल म्हणून पुरे, की क्रीचाही वेगळा गट हवाच?

पांडवकडा: खारघरला पीएचडी चालू आहे. उंदराच्या यकृतातून एक जनुक उडवायचंय, म्हणून फ्लॉक्स/फ्लॉक्स उंदरांशी अल्ब्युमिन-क्री जुळवला. गाईड म्हणतात, क्री नसलेली फ्लॉक्स/फ्लॉक्स भावंडं कंट्रोल म्हणून पुरे. सीनियर म्हणते, क्रीवाला कंट्रोल नसेल तर पेपर परत येईल. आचारसमितीने उंदीर मोजून दिलेत. शिवाय आठ आठवड्यांच्या नॉकआउटच्या यकृतात वेस्टर्न ब्लॉटवर अजून पाचवा हिस्सा प्रोटीन दिसतंय. काही फसलंय का?

कळवा_फास्ट: गाईडचं ऐका. लॉक्सपी म्हणजे ३४ बेसचा तुकडा, तोही इन्ट्रॉनमध्ये. आरएनए जुळताना तो गळून पडतो, त्यामुळे क्री नसेल तर प्रोटीन जसंच्या तसं. त्यात एकाच आईची पिल्लं, एकच पिंजरा, एकच खाणं. याहून चांगला कंट्रोल कोणता? उगाच उंदीर वाढवू नका.

येऊरची_वाट: निम्मं खरं. फ्लॉक्स/फ्लॉक्स भावंडांवरून क्री स्वतः काय करतं ते कळत नाही. नेस्टिन-क्रीचं उदाहरण घ्या: त्या उंदरांत एकही फ्लॉक्स जनुक नसलं तरी वजन आणि ग्रोथ हॉर्मोन कमी भरतं. मेंदूतलं जनुक काढल्यावर उंदीर बारीक झाला, असं कोणी लिहिलं आणि कंट्रोलमध्ये क्री नव्हतं, तर तो निष्कर्ष हवेतच राहिला. अल्ब्युमिन-क्रीबद्दल अशी तक्रार फारशी ऐकू येत नाही, पण तुमच्या वसाहतीत तपासल्याशिवाय ते गृहीत कशाला धरायचं?

आणि वेगळे उंदीर वाढवावे लागतात हेही खरं नाही. ही जोडी लावा:

```
flox/+ ; Alb-Cre/+   ×   flox/flox
```

चारातलं एक पिल्लू नॉकआउट, एक फ्लॉक्स/फ्लॉक्स क्रीविना, एक फ्लॉक्स/+ क्रीसह, एक फ्लॉक्स/+ क्रीविना. आठ नर नॉकआउट हवे असतील तर सरासरीने ६४ पिल्लं लागतील, सातच्या वेताने नऊ-दहा वेत. त्याच वेतांत क्री असलेले साधारण आठ फ्लॉक्स/+ नर आपोआप मिळतात.

कळवा_फास्ट: पण नॉकआउटलाच फ्लॉक्स/फ्लॉक्सशी जुळवलं तर निम्मी पिल्लं नॉकआउट, म्हणजे ३२ मध्ये काम होतं. तुमच्या हिशेबात दुप्पट पिल्लं जन्माला येतात, ती समितीच्या आकड्यात धरायची की नाही? आणि फ्लॉक्स/+ क्रीसह म्हणजे यकृतात जनुकाची एकच प्रत. तो नॉर्मल कसा?

येऊरची_वाट: पिल्लांचा मुद्दा मान्य, ती धरायलाच हवीत. एका प्रतीने यकृताचं भागतं का, हे मात्र जनुकावर अवलंबून. आधी त्या गटाचं प्रोटीन मोजा. निम्म्यावर आलं आणि लक्षणही अर्धवट दिसलं, तर हा कंट्रोल तुमच्या कामाचा नाही. मग दोन्ही प्रती साध्या असलेले क्री उंदीर वेगळे वाढवावेच लागतील.

वाशी_खाडी: टॅमॉक्सिफेन किती दिलंत? आमच्याकडे पाच दिवस टोचूनही जनुक पुरतं निघालं नव्हतं, कंट्रोलला नुसतं तेल दिलं होतं.

येऊरची_वाट: तुमचं क्रीईआर आहे, यांचं साधं अल्ब्युमिन-क्री. ते यकृतपेशीत आपोआप चालतं, टोचायचं काहीच नसतं. तुमच्याकडे मात्र कंट्रोललाही टॅमॉक्सिफेनच द्या. नाहीतर औषधाचा परिणाम नॉकआउटच्या नावावर जमा होईल.

पांडवकडा, आता तुमचा पाचवा हिस्सा. या क्रीची छाटणी जन्माच्या वेळी अर्धवट असते आणि सुमारे सहा आठवड्यांत जवळपास पूर्ण होते, म्हणजे आठव्या आठवड्याला वय आड येत नाही. पण आख्खं यकृत वाटलं तर त्यात कुप्फर पेशी, रक्तवाहिन्यांच्या पेशी, रक्त, सगळंच येतं आणि तिथे क्री नसतं. कोलॅजिनेज सोडून यकृतपेशी सुट्या करा, ५० जी वर हळू फिरवून तळाच्या पेशींचा वेस्टर्न लावा. तिथे पट्टी गेली तर नॉकआउट ठीक आहे. राहिली तर आरएनए पाहा. आरएनए गेलेला असेल तर प्रोटीन हळू विरतंय, तोही असेल तर छाटणीच अपुरी.

बेलापूर_किल्ला: एक राहिलं. कानाच्या तुकड्यावर पीसीआर करता ना? दोन प्रायमरपैकी एक दोन लॉक्सपींच्या मधल्या भागात असेल तर छाटलेल्या प्रतीची पट्टीच येत नाही. एखाद्या पूर्वजाच्या बीजपेशीत चुकून छाटणी झाली असेल तर एक प्रत सगळ्या अंगातून गेलेला उंदीर तुम्हाला फ्लॉक्स/फ्लॉक्सच दिसेल. दुसऱ्या लॉक्सपीच्या बाहेर तिसरा प्रायमर घाला. छाटलेली पट्टी यकृतात यायला हवी, कानात नाही. कानात आली तर तो उंदीर गटातून आणि जोडीतूनही काढा.

पांडवकडा: दोनच प्रायमर आहेत आणि एक आतला आहे. आजच तिसरा मागवते. मग आत्तापर्यंत मोजलेल्या कंट्रोलचं काय, ते सगळे फ्लॉक्स/फ्लॉक्स धरून घेतले होते?

बेलापूर_किल्ला: कानाचा डीएनए फ्रीझरमध्ये असेल तर पुन्हा चालवा. नसेल तर शेपूट, मूत्रपिंड, जे जपलंय ते चालेल. फक्त यकृत नको.

कळवा_फास्ट: तरीही माझं मत तेच. अल्ब्युमिन-क्रीसाठी दुप्पट पिल्लं मला पटत नाहीत.