मदत हवी आहे: फोनचा फाँट बदलल्यावर ‘दुसऱ्या’मधला ऱ्य तुटतो

माझ्या अँड्रॉइड १४ फोनच्या थीम ॲपमधून मी देवनागरीसह येणारा एक फाँट बसवला आहे. मेनू, संदेश आणि सूचनांमधली अक्षरे बदलली. स्वतःचा फाँट सोबत आणणारी काही ॲप मात्र जशीच्या तशी राहिली, आणि तिथे मराठी नीट दिसते. इतरत्र ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांत ऱ्यचे जोडाक्षर न होता नुक्ता असलेला र, त्याखाली पाय मोडल्याची खूण आणि पुढे सुटा य दिसतो. छोट्या बटणांवर ‘र्कीं’सारख्या अक्षराचा रफार व अनुस्वार वरून कापले जातात, तो त्रास एक वेळ चालेल.

मजकूर बिघडलेला नाही, कारण तोच संदेश दुसऱ्या फोनवर बरोबर उमटतो. फोन पुन्हा सुरू करून, अक्षरांचा आकार कमी करून आणि फोनची भाषा मराठी करून पाहिली, तरी फरक पडला नाही. केवळ रोमन अक्षरे असलेला फाँट लावला, की मराठीसाठी फोन आपोआप मूळच्या नोटो फाँटकडे वळतो आणि सगळे सुरळीत होते. म्हणजे दोष नव्या फाँटमधल्या जोडाक्षरांच्या नियमांत असावा.

बँकेच्या ॲपमुळे फोन रूट करता येणार नाही. मला देवनागरीचे वळणही बदलायचे आहे, त्यामुळे मूळ फाँटवर परतणे हा उपाय नको. ऱ्य आणि ऱ्ह नीट जोडणारा, थीम ॲपमधून बसवता येणारा कोणता फाँट आपण स्वतः वापरला आहे, आणि बसवण्याआधी त्याची ही चाचणी कशी घ्यावी?