मदत हवी आहे : दोन लूपमधल्या सामाईक पाइपाचा प्रवाह जुळत नाही

नमस्कार. रत्नागिरीजवळ आमच्या वाडीच्या नळयोजनेचे गणित मी हार्डी क्रॉस पद्धतीने हाताने करत आहे. सड्यावरच्या टाकीकडून डाव्या लूपच्या पाइपातून ‘अ’ या चौकाला ६ लिटर/सेकंद पाणी येते. तिथून २ लिटर सामाईक पाइपात, १.५ लिटर उजव्या लूपमध्ये आणि २.५ लिटर घरांना जाते.

डाव्या लूपमध्ये घड्याळाच्या दिशेने हेडलॉस +४.२, +१.० आणि −३.२ मीटर, म्हणजे बेरीज +२.० आली; h/Q ची बेरीजही २.० असल्याने दुरुस्ती −२/(१.८५ × २) = −०.५४ निघाली. उजव्या लूपची +०.३० आहे.

सामाईक पाइपाला मी प्रत्येक लूपमध्ये फक्त त्या लूपची दुरुस्ती लावली, त्यामुळे एकाच पाइपात डावीकडून १.४६ आणि उजवीकडून १.७० लिटर दिसतात. पुढच्या फेऱ्यांत दोन्ही लूपची बेरीज शून्याकडे जाते, म्हणून चूक लक्षातच आली नव्हती. पण ‘अ’ चौकात ५.४६ लिटर येऊन ५.७६ बाहेर पडतात. हा ०.३० चा फरक म्हणजे नेमकी शेजारच्या लूपची दुरुस्ती. ती उलट्या चिन्हाने लावल्यास २ − ०.५४ − ०.३० = १.१६ येतो आणि चौक जुळतो.

हे बरोबर असल्यास, दोन्ही दुरुस्त्या फेरीअखेर एकदम लावाव्यात, की डावा लूप सुधारून १.४६ हाच आकडा उजव्या लूपच्या हिशेबात घ्यावा? कोणत्या क्रमाने कमी फेऱ्या लागतात, हे ज्यांनी हाताने केले आहे त्यांनी कृपया सांगावे.