‘एक्सविरहित पद’ की ‘स्थिर पद’?

मोरपंखी: भाचा अकरावीत आहे, सायन्सला. काल रात्री त्याने गणिताचा फोटो पाठवला, ट्यूबलाइटची तिरीप नेमकी कंसाच्या डोक्यावर. `(2x − 1/x²)` दिसतंय, पण वरचा घात 6 आहे की 8, कळत नाही. प्रश्न इंग्रजीत: विस्तारातली ‘टर्म इंडिपेंडंट ऑफ एक्स’ काढा. मी फोनवर म्हटलं, “एक्सपासून स्वतंत्र असलेलं पद.” तो म्हणाला, “मावशी, हे तर इंग्रजीपेक्षा अवघड झालं!” माझ्या जुन्या वहीत ‘एक्सविरहित पद’ लिहिलंय, तर नवरा म्हणतो ‘स्थिर पद’. तुम्ही काय म्हणता?

चिंचगुळ: स्थिर पद. सरळ आहे. आणि काढायलाही सोपं, एक्सच्या जागी शून्य ठेवायचं. एक्सवाली सगळी पदं उडतात, उरतं ते स्थिर.

निवृत्त_मास्तर: चिंचगुळ, `(2 + x)⁶` असतं तर चाललं असतं, 64 आले असते. इथे कंसात `1/x²` बसलाय. शून्य ठेवलंत तर शून्याने भागावं लागेल.

बाबुराव_पेन्शनर: पद या शब्दाचाच घोळ आहे. आमच्या खात्यात माझं पद 4 वर्षं रिक्त होतं आणि काम मीच करत होतो. असो. पण घात सम असला की मधलं पद विचारतात ना? मग सहावा घात, सात पदं, चौथं काढा.

निवृत्त_मास्तर: मधलं पद विचारलेलंच नाही, बाबुराव. तरी काढलंत तर `−160/x³` येईल. एक्स तिथेच आहे, खाली बसलेला.

मोरपंखी, घात फोटोत दिसत नसला तरी ओळखता येतो. समजा घात n आहे आणि दुसरा तुकडा r वेळा घेतला. पहिल्या तुकड्यातून एक्सचे n − r घात आले, दुसऱ्याने 2r खाल्ले. उरले n − 3r. हे शून्य व्हायचं तर n ला 3 ने भाग जायला हवा. 8 ला जात नाही, म्हणजे तुमचा घात 6 आणि r = 2. मेरुप्रस्ताराची ओळ आहे 1, 6, 15, 20, 15, 6, 1. तिच्यात 0 पासून मोजत या, 2 वर 15 सापडतील.

`15 · (2x)⁴ · (−1/x²)² = 15 · 16x⁴ · 1/x⁴ = 240`

पोरं इथे दोन ठिकाणी घसरतात. r = 2 म्हणून दुसरं पद लिहितात, ते तिसरं असतं, कारण r शून्यापासून सुरू होतो. आणि 2 चा चौथा घात विसरून नुसते 15 लिहून मोकळी होतात.

शब्दवेडी: मला ही ओळ पाहून ‘विरहित’च पटला. विरह कोणाचा होतो? जो आधी होता त्याचा. `x⁴` होता, `1/x⁴` ने त्याला नेलं. `3x + 5` मधल्या 5 पाशी एक्स कधी नव्हताच, त्याला ‘स्थिर’ म्हणा.

निवृत्त_मास्तर: कल्पना गोड आहे, पण व्युत्पत्तीला धरून नाही. रहित काय, विरहित काय, दोन्हींच्या मुळाशी रह् म्हणजे सोडणे. ‘दोषविरहित’ माणसात आधी दोष होते असं थोडंच आहे?

शब्दवेडी: मुळाशी काही असो, कानाला विरह ऐकू येतो.

चिंचगुळ: अकरावीच्या पोराला विरह कशाला? त्याला कॉन्स्टंट टर्म म्हणा. दहावीपर्यंत सहगुणक म्हणणारी मराठी माध्यमाची पोरंसुद्धा सायन्सला गेली की जूनमध्येच कोइफिशंट म्हणायला लागतात.

शब्दवेडी: म्हणून आपणही सोडून द्यायचं? ‘सहगुणक’ काय वाईट आहे? बरोबर राहून गुणणारा!

बाबुराव_पेन्शनर: आमचे सर म्हणायचे, कंसाचा घात कृष्णानेच करावा.

चिंचगुळ: सगळ्यांचेच सर म्हणायचे, बाबुराव.

मोरपंखी: भाच्याने दिवसाउजेडी दुसरा फोटो पाठवला. घात 8 च छापलाय, अगदी ठळक! आणि मागे उत्तर दिलंय 240.

निवृत्त_मास्तर: मग छपाईची चूक. 8 ने असं पद निघतच नाही, आणि 240 येतात ते 6 नेच. पेन्सिलीने दुरुस्त करून ठेवायला सांगा.

मोरपंखी: सांगितलं. त्याने केलंसुद्धा. म्हणतो, “मावशी, एक्स गेलेलं पद.” हे चालेल का?

शब्दवेडी: ‘गेलेलं’! म्हणजे विरहच की.

निवृत्त_मास्तर: पुन्हा तेच.