पेढे रवाळ होतात का तुमचेही? अनुभव लिहा

काल भाचीचा दहावीचा निकाल लागला आणि बहिणीने दुकानातल्या पेढ्यांचा बॉक्स पुढे केला. तोंडात टाकताच जिभेवर लोण्यासारखा पसरला. आणि मला माझे पेढे आठवले. धाकट्याच्या बारशाला हौसेने घरी केले होते, अर्धा किलो खव्याचे. सासूबाईंनी एक खाल्ला आणि म्हणाल्या, "छान झालाय गं रव्याचा लाडू." तेव्हापासून खव्याला हात लावला नाही. आता भाचीसाठी परत करायचे आहेत. खव्याचे किंवा दूध पावडरचे, कसेही, पण गुळगुळीत आणि कडेला न तडकणारे. तुमचं काय काय झालंय ते सांगा.

खमंग
रव्याचा लाडू 😂😂 सासूबाईंना नमस्कार सांगा.

शिरवळकर
पेढा रवाळच असतो हो. आमचे साताऱ्याचे कंदी पेढे बघा, खवा तांबूस होईपर्यंत भाजलेला, खाताना कण लागतात आणि तीच तर मजा. गुळगुळीत हवा असेल तर बर्फी करा.

तूपसाखर
शिरवळकर, कंदीचं वेगळं. ताईंना पांढरा, केशर लावलेला मऊ पेढा हवाय.
साखर कधी घातली होती? माझा अनुभव असा की खवा गरम असताना साखर घातली की हमखास रवाळ होतं.

निमा_ठाणे
मी पावडरचे करते. दोन वाट्या पावडर, पाऊण वाटी दूध, तीन चमचे तूप. पहिल्यांदा तूप गरम करून त्यात पावडर ओतली, वर दूध. इतक्या गुठळ्या झाल्या की शेवटी चाळणीवर घासून काढल्या. आता गार दुधातच पावडर आणि तूप कालवून पंधरा मिनिटं झाकून ठेवते, मग मंद गॅस. गुठळी शोधून सापडत नाही. बाकी नंतर लिहिते, कुकरच्या शिट्ट्या मोजतेय.

भूमकर
आमच्या भूमकडे खव्याच्या भट्ट्या घरोघरी. वडिलांची होती, आता मी दूध डेअरीला घालतो, पण हात अजून विसरलेला नाही. जरा सविस्तर लिहितो.

आधी खवा बघायचा. चिमूटभर घेऊन अंगठा आणि बोटात चोळा. मऊ राहून बोटाला तुपाचा ओशटपणा आला तर पेढ्याचा. बारीक कण लागले तर तो खवा कलाकंदाला द्या, त्याचा गुळगुळीत पेढा कुणाच्या बापाला जमणार नाही. दूध जरासं आंबट असेल तर आटवतानाच ते फुटतं, कण तिथेच धरतात. नंतर कितीही घोटा, ते विरघळत नाहीत. दोन दिवस फ्रीजमध्ये राहिलेल्या खव्याचं तेच. वास घ्या, आंबूस आला तर परत करा. म्हशीच्या दुधाचा खवा घ्या, गाईच्याचा चिकट होतो.

आता अर्धा किलोचं सांगतो. खवा परातीत घेऊन तळव्याच्या टाचेने पाच-सात मिनिटं रगडायचा, कणीक मळतो तसा नव्हे, दाबून पुढे ढकलायचा. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर पाच-सहा मिनिटं, उलथनं सतत फिरतं ठेवून. कडा सोडून गोळा जमायला लागला की उतरवायचा. कडेने तूप दिसायला लागलं म्हणजे उशीर झाला. ताटात पसरून हाताला सोसेल इतका कोमट होऊ द्यायचा आणि मग दीडशे-पावणेदोनशे ग्रॅम पिठीसाखर, चाळून. परत रगडायचं. तूपसाखर म्हणतात ते अर्धं खरं. गरम खव्यात साखर घातली की ती वितळून खवा पातळ होतो. आपण घाबरून परत आटवतो, आणि त्या जास्तीच्या आटवण्यात कण धरतात, नाहीतर पेढा चिवट होतो. दोष साखरेचा नाही, दुसऱ्यांदा चढवण्याचा.

तूपसाखर
बरोबर! मी परत चढवलं होतं. आणि साखर मिक्सरमध्ये स्वतः दळली होती, तीही जाडसरच राहिली असणार.

शिरवळकर
भूमकर साहेब, भूमचा खवा पुण्यात कुठे मिळेल?

भूमकर
दुकानाचं नाव नको. सकाळी विचारा "आजचा आहे का", उत्तराच्या आवाजावरून कळतं.

न्यूजर्सीकर
इथे खवा गोठवलेलाच मिळतो, म्हणून पावडर. आमच्याकडे सगळीकडे साय काढलेल्या दुधाची पावडर दिसते. तिचे पेढे केले ते रबर. नवरा म्हणाला फ्रीजला टपटप लागतात. आता तूप दुप्पट करते आणि दुधाच्या जागी क्रीम घालते. सुधारलेत, पण मिठाईवाल्यासारखे अजून नाहीत.

सुलभा_आजी
माझ्या यजमानांना साखर चालत नाही. गूळ घालून पेढे होतील का? खजूर घालून केले तर कसे लागतील?

निमा_ठाणे
आजी, गूळ घातला तर दूध फुटायची भीती. आणि गुळानेही साखर वाढतेच हो, डॉक्टरांना विचारा आधी. बाकी आता वळण्याबद्दल: मिश्रण गरम असताना वळले की बसके होतात, पूर्ण गार झालं की कडेला भेगा. मधली वेळ पकडायची. ओला रुमाल पिळून वर झाकून ठेवते, एका वेळी चार गोळ्यांपुरतंच काढते. तळव्याला तुपाचा नुसता हात, जास्त नको, नाहीतर गोळी घसरते आणि सांधा मिटत नाही.

खमंग
मी औषधाच्या बाटलीचं बूच धुऊन दाबते, वर नक्षी येते 😄 पाहुणे विचारतात साचा कुठला.

तूपसाखर
😂 खोकल्याचा पेढा!
मुलगा झाला की पेढे आणि मुलगी झाली की बर्फी, हे कुणी सुरू केलं हो? आमच्या आजोबांनी माझ्या वेळी पेढेच वाटले होते, गावात आठवडाभर चर्चा.

भूमकर
भेगांबद्दल: दोन तळव्यांत गोल वळताना शेवटी जरा जोर देऊन सांधा मिटवा, मग अंगठ्याने दाबा. तरी तडकलाच तर खवा कोरडा पडलाय. चमचाभर कोमट दूध शिंपडून परत रगडा. उलट पसरत असेल तर झाकून अर्धा तास ठेवा, थंडीने घट्ट होतं. तेवढ्यानेही नाही झालं तर मात्र परत कढई, दुसरा इलाज नाही. वीस ग्रॅमच्या तीसेक गोळ्या निघाल्या पाहिजेत.

मूळ लेखिका
केले!! चोळून बघितला, पहिल्या दुकानातला खवा खरखरीत होता. नाही म्हटलं, दुकानदाराचं तोंड बघण्यासारखं झालं. दुसऱ्याकडचा मिळाला. रगडताना खांदा भरून आला, पण साखर घातल्यावर गोळा असा तुकतुकीत झाला की चारोळी लावायलाही मन होईना. एकतीस झाले, चार कडेला तडकले, कारण मध्ये फोन आला आणि रुमाल झाकायचा राहिला. तडकलेले आम्हीच खाल्ले.

न्यूजर्सीकर
फ्रीजमध्ये ठेवणार की बाहेर? माझे दुसऱ्या दिवशी फ्रीजमध्ये जिभेला वाळूसारखे लागतात.

निमा_ठाणे
माझे दोन दिवस बाहेर टिकतात, पण उन्हाळ्यात नाही. वाळूचं मलाही कोडंच आहे.

मूळ लेखिका
इथे ठेवायला उरलेच नाहीत. सासूबाईंनी तीन खाल्ले, बोलल्या काहीच नाहीत. चौथा डब्यात घेऊन गेल्या, शेजारच्या काकूंना दाखवायला.