गेम अडखळतो म्हणून सपोर्टला मेल लिहिलीय? काय लिहिलं, काय उत्तर आलं, सांगा

टिळकवाडीचा_पंत

गेमचं नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर सगळा धागा त्याच भांडणात जाईल. मोठा, उघड्या जगाचा, एकट्यानं खेळायचा गेम आहे. माझं मशीन रायझन ५ ३६००, ८-८ जीबीच्या दोन रॅम, ६ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, गेम एसएसडीवर. १०८० पी, मीडियम सेटिंग. गेम छान पळायचा, पण मधेच दचकायचा. घोडा पळतोय, पळतोय, आणि एकदम खिळल्यासारखा थांबतो, की परत पळतोय.

पहिली मेल दोन ओळींची होती: गेम लॅग होतोय, सगळं करून बघितलं, उपाय सांगा. उत्तर तयार साच्यातलं आलं. ड्रायव्हर अपडेट करा, फाइली तपासा, सेटिंग कमी करा. चूक माझीच, 'सगळं करून बघितलं' म्हणजे काय हे त्यांना कसं कळावं?

दुसऱ्या मेलला आकडे दिले. सरासरी ७४ एफपीएस, १ टक्का लो ४१. स्वतःवर खूश होतो. उत्तर आलं, तुमचे आकडे तुमच्या हार्डवेअरच्या मानानं चांगले आहेत. झालं! डोळ्यानं दिसतंय ते आकड्यात दिसतच नव्हतं.

तिसरी मेल लिहायला दोन रविवार घातले. एकच सेव्ह, एकच रस्ता: बाजाराच्या वेशीपासून पूल ओलांडून किल्ल्यापर्यंत, बरोबर २ मिनिटं. प्रत्येक फ्रेमला किती वेळ लागला त्याची फाइल घेतली आणि ५० मिलिसेकंदांच्या वर गेलेल्या फ्रेम मोजल्या. नवा ड्रायव्हर टाकल्यावर पहिली फेरी: ३१. लगेच तोच रस्ता दुसऱ्यांदा: ६. तिसऱ्यांदा: ५. मग सेटिंग लो करून, शेडर कॅशचा फोल्डर रिकामा करून परत पहिल्यापासून: सरासरी ९२ वर गेली, पण झटके २९.

या मेलला माणसाचं उत्तर आलं. फाइल मागितली आणि पुढं इंजिनिअरकडं पाठवतो म्हणाले. बाकीचं नंतर सांगतो. तुमचं काय झालं ते लिहा.

शहापूर_पेठ

अरे मर्दा, एवढं कशाला? व्ही-सिंक बंद कर आणि एफपीएस ६० ला बांध. माझा गेम त्यानं लोण्यासारखा चालतो. सपोर्टला मेल करून कुणाचं भलं झालंय?

खानापूर_पाऊसवेडा

माझा पण सेम प्रॉब्लेम. ऑनलाइन शूटिंगचा गेम, पावसाळ्यात जास्त अडकतो. भिंतीआड गेलो म्हणतो तर परत बाहेर, उघड्यावर उभा! मी पण सपोर्टला ग्राफिक्स कार्ड, रॅम, प्रोसेसर सगळं लिहून पाठवलं. ते म्हणाले पिंग सांगा. मी म्हटलं आधी माझ्या कार्डाचं बघा. अजून तिथंच आहे.

चिकोडीकर_बेंगळुरात

तीन वर्षं एका स्टुडिओत अशाच मेली वाचायचं काम केलंय, म्हणून थोडं लांबड लावतो.

पंत, तुमची दुसरी मेल का परत आली ते बघा. २ मिनिटांत ७४ च्या सरासरीनं साधारण ८,८८० फ्रेम होतात. त्यातल्या सगळ्यात वाईट १ टक्का म्हणजे ८९. तुमच्या अडकलेल्या फ्रेम किती? ३१. तुमचं टूल १ टक्का लो पर्सेंटाइलनं काढत असणार, म्हणजे वाईटाकडून ८९व्या फ्रेमवर बोट ठेवून तिचा वेग सांगतं. ती फ्रेम साधारण २४ मिलिसेकंदांची, म्हणून ४१. तुमचे ३१ झटके त्या बोटाच्या मागं लपले. दुसरं एखादं टूल त्या ८९ फ्रेमची सरासरी काढतं, त्यात हाच आकडा बराच खाली दिसला असता. दोन्हीला नाव एकच, '१ टक्का लो'. म्हणून मेलमध्ये टूलचं नाव आणि आवृत्ती लिहायची, नाहीतर आकड्याला अर्थ नाही. त्याहून बरं म्हणजे कच्ची फाइलच जोडायची. आम्ही प्रेझेंटमॉनची फाइल आली की खूश व्हायचो:

```
PresentMon.exe --process_name game.exe --timed 120 --output_file run1.csv
```

`game.exe` च्या जागी गेमच्या फाइलचं खरं नाव. रेकॉर्डिंग गेम सुरू होऊन सेव्ह लोड झाल्यावर लावायचं, नाहीतर लोडिंगचे झटके त्यात मिसळतात.

आणि तुमच्या मेलमधली सोन्यासारखी ओळ कुठली, तर '३१, ६, ५'. पहिल्या फेरीत खूप आणि दुसऱ्या फेरीत थोडे, म्हणजे गेम त्या रस्त्यावरचे शेडर पहिल्यांदा समोर आले की तेव्हाच कंपाइल करत बसतोय. एकदा तयार झाले की कॅशमध्ये राहतात. ड्रायव्हर बदलला की जुने चालत नाहीत, पुन्हा पहिल्यापासून. सेटिंग लो केली तर कार्डाचं ओझं कमी होतं आणि सरासरी वाढते, पण कंपाइलचं काम प्रोसेसरचं, ते तेवढंच राहतं. ९२ झाली तरी झटके २९, यावरूनच ते कळतं. हे वाचल्यावर कुणी तुम्हाला 'सेटिंग कमी करा' म्हणू शकत नाही.

शहापूरकर, तुमचं निम्मं बरोबर आहे. एफपीएस बांधला की फ्रेम सारख्या अंतरानं येतात आणि प्रोसेसरला थोडा श्वास मिळतो. ७० वरून ५० वर, ५० वरून ८० वर अशी लाट असेल तर ती सपाट होते. पण ६० एफपीएसला एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. मधेच १५० ची एक आली तर कॅप तिला काय करणार? आणि मेलसाठी मोजताना कॅप काढून मोजा. कॅप लावून सरासरी ६० पाठवणारे खूप असायचे, त्यावरून मशीनमध्ये किती दम शिल्लक आहे ते कळतच नाही.

शहापूर_पेठ

तुमचं चालू दे. माझा चालतोय की नाही लोण्यासारखा?

चिकोडीकर_बेंगळुरात

तुमचा गेम वेगळा, तुमचा त्रास वेगळा असेल. भांडत नाही.

खानापूर, तुमचं मात्र स्टटर नाहीच. कोपऱ्यातला एफपीएसचा आकडा स्थिर असेल आणि तरी माणूस मागं ओढला जात असेल, तर तो नेटचा खेळ. पिंग विचारतायत ते बरोबर विचारतायत. एकदा सराव मोडमध्ये, नेट लागत नाही तिथं खेळून बघा. तिथं सुरळीत असेल तर तेवढी एक ओळ आणि पिंगचा स्क्रीनशॉट पाठवा.

खानापूर_पाऊसवेडा

सराव मोडमध्ये झकास चालतो. म्हणजे दोन महिने मी त्यांना कार्डाचा फोटो पाठवायलोय ते उगीच?

निपाणी_डीटीपी

मी गेम खेळत नाही. मुलगा खेळतो, आणि त्याला इंग्रजी मेल लिहायचा कंटाळा, म्हणून दुकानात बसून मी लिहिली. त्याचा लॅपटॉप आहे, ४ जीबीच्या कार्डाचा. त्याची तक्रार, गेम 'कधीकधी' अडकतो. मी म्हटलं, कधीकधी असं लिहिता येत नाही, वेळ लिही. वहीत तीन दिवस लिहून काढलं. दर वेळी सुरू केल्यापासून अठरा ते बावीस मिनिटांनी सुरुवात, त्याआधी एकदाही नाही. कोपऱ्यात तापमान आणि प्रोसेसरचा वेग दिसेल असं त्यानं लावलं होतं. अडकायच्या आधी ९५ अंश, आणि मग वेग ३.९ गिगाहर्ट्झवरून १.४ वर. हे सगळं मेलमध्ये घातलं.

उत्तर दुसऱ्या दिवशी आलं, सभ्यपणे: हे गेमचं नाही, लॅपटॉप तापतोय. उघडला तर पंख्याच्या जाळीत तंबाखूची भुकटी, बोटभर थर! आमच्या घरामागंच वखार आहे. साफ केल्यावर अडकणं गेलं. मेल वाया गेली असं मुलगा म्हणतो. मला तसं वाटत नाही, ती वही लिहिली नसती तर लॅपटॉप उघडला असता कोण?

टिळकवाडीचा_पंत

ताई, वहीची कल्पना झकास. मी तर मिनिटं लिहिलीच नव्हती.

एक गंमत. सपोर्टनं `dxdiag` ची फाइल मागितली होती, मी न वाचता पाठवली. नंतर बघतो तर त्यात कॉम्प्युटरचं नाव असतं. माझ्या कॉम्प्युटरचं नाव कॉलेजात असताना एका मुलीच्या नावावरून ठेवलेलं. परदेशातल्या कुठल्या तरी इंजिनिअरला आता ते माहीत आहे. पाठवण्याआधी फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघत जा.

उद्यमबाग_सेकंडशिफ्ट

`dxdiag` वरून आठवलं. माझी पण मेल अशीच लटकली होती. त्या फाइलीत रॅम १६ जीबी एवढंच येतं, एक काडी का दोन ते येत नाही. माझी एकच काडी होती, दुकानदारानं तशीच बसवून दिलेली. सपोर्टवाल्यानं विचारलं, टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर `Slots used` पुढं काय आहे? 1 of 2. दुसरी काडी आणून टाकली, १ टक्का लो ३० वरून ४४ झाला. सरासरी फार हलली नाही. आता ३२ जीबी झाली, म्हणजे फरक दोन काड्यांचा का जास्त रॅमचा, हे मात्र मला छातीठोक सांगता येणार नाही.

चिकोडीकर_बेंगळुरात

खेळताना जुनी १६ जीबी भरत नव्हती ना? तेच टास्क मॅनेजर दाखवेल. भरत नसेल तर श्रेय दोन काड्यांना.

उद्यमबाग_सेकंडशिफ्ट

बघितलं नाही तेव्हा. एक काडी काढून बघायला आता जीव होत नाही.

अथणी_ऊस

मेलमध्ये 'काय काय करून बघितलं' ते कसं लिहायचं? मी अकरा गोष्टींची यादी दिली, तरी त्यातल्याच चार परत करायला सांगितल्या.

चिकोडीकर_बेंगळुरात

यादीत निकाल होते का? 'ओव्हरले बंद केला' ही अर्धी ओळ. 'ओव्हरले बंद केला, तोच रस्ता, पहिल्या फेरीत झटके ३१ चे ३०' ही पूर्ण. आणि एका वेळी एकच बदल. अकरा गोष्टी एकदम बदलल्या असतील तर वाचणाऱ्याच्या दृष्टीनं एकही बदललेली नाही. मी असतो तर अकरातल्या तीनच लिहिल्या असत्या, पण मोजून. वर एक ओळ गेमच्या आवृत्तीची, मेनूच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात असते ती. ती नसेल तर आम्हाला आधी तेच विचारावं लागायचं, आणि एक फेरी वाया.

अथणी_ऊस

अकराच्या अकरा एकाच रात्री केल्या होत्या. परत बसतो.

टिळकवाडीचा_पंत

माझं पुढचं. दोनेक महिन्यांनी पॅच आला. आता ड्रायव्हर बदलल्यावर गेम उघडला की आधी शेडर तयार करायची पट्टी येते, सहा-सात मिनिटं घेते, चहा होतो तोवर. तोच रस्ता, पहिली फेरी: ३१ च्या जागी ७. माझ्या मेलमुळं झालं असं म्हणत नाही, शेकडो लोकांनी लिहिलं असणार.

पण ते ५-६ उरलेत ते उरलेतच. पुलाच्या मधोमध दोन आणि किल्ल्याच्या दरवाजात तीन, दर फेरीला त्याच जागी. पट्टीनं त्यांना काही फरक पडला नाही.

चिकोडीकर_बेंगळुरात

जागा ठरलेली असेल तर तिथं नकाशाचा पुढचा तुकडा लोड होत असावा. पुलावर उलट दिशेनं जाऊन मोजलं का? आणि घोड्याऐवजी चालत?

टिळकवाडीचा_पंत

उलट जाऊन बघितलं, पुलावर तिथंच येतात. चालत नाही बघितलं. येत्या रविवारी बघतो आणि त्याच तिकिटावर चौथी मेल टाकतो.